कधी, कुठे, कितीला आणि कशासाठी

वर्तमानपत्रातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान वाचायची मराठी घरांत एक ठरलेली रीत आहे. बोट आधी नाटकाच्या नावावर जातं, मग वारावर, मग वेळेवर. ‘शनि. रात्रौ ८.३० गडकरी’ एवढं वाचलं की ठाण्यातल्या माणसाला सगळं कळतं. गडकरी म्हणजे तलावपाळीजवळचं गडकरी रंगायतन, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. दादरकराला ‘शिवाजी’ म्हटलं की प्लाझासमोरचं शिवाजी मंदिर दिसतं. वर्तमानपत्रातली जागा कॉलम सेंटिमीटरवर मोजून विकली जाते आणि प्रत्येक शब्दाचे पैसे पडतात, म्हणून नाट्यसंस्थांनी ही अशी आखूड भाषा घडवली आणि प्रेक्षकांनी ती आपलीशी केली.

आता त्याच संस्थांना दुसरंही एक लिखाण करावं लागतं. नव्या नाटकाचं पोस्टर तयार होतं आणि ते व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर टाकताना त्याखाली चार-सहा ओळी लिहाव्या लागतात. प्रयोग कधी, कुठे, तिकीट कितीला, ते कुठे मिळेल आणि मुळात यायचं कशासाठी, एवढंच त्यात सांगायचं असतं. जागेला पैसे पडत नाहीत, त्यामुळे हे काम सोपं वाटतं. तालमी रंगात आलेल्या असतात, नेपथ्याचं रंगकाम बाकी असतं, अशा वेळी ‘तू जरा लिहून टाक’ म्हणून ते संस्थेतल्या सगळ्यात लहान मुलाकडे किंवा मुलीकडे जातं. पुढे प्रयोगाच्या दिवशी रिकाम्या राहिलेल्या खुर्च्यांमागची काही कारणं शोधत गेलं, तर ती या चार ओळींत सापडतात.

तिकीट आलं तिथे जाहिरात आली. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं ते संस्थानिकांच्या आश्रयानं. तिथे प्रेक्षक बोलावून आणलेले होते. दहा वर्षांनी, १८५३ साली, मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून खेळ करायची वेळ आली, तेव्हा अनोळखी माणसाला खिशातून पैसे काढायला लावण्याचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला. पुढे नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागल्या आणि त्यांची हस्तपत्रकं वाटली जाऊ लागली. खेळाचं नाव, वार, वेळ, तिकिटांचे वर्ग आणि दर, स्त्रियांसाठी बसायची वेगळी व्यवस्था असा मजकूर त्यांत असे. कंपनी नव्या गावात आलेली असायची, तिची ओळख कुणाला असेलच याचा भरवसा नसे, त्यामुळे पत्रक स्वतःपुरतं पूर्ण असावं लागे.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा संयुक्त ‘मानापमान’ झाला. टिळक स्वराज्य फंडासाठीचा हा प्रयोग. वरच्या वर्गाचं तिकीट शंभर रुपये होतं आणि त्या काळात शंभर रुपये ही लहान रक्कम नव्हती. तरीही लोक तुटून पडले, कारण यायचं कशासाठी याचं उत्तर दोन नावांत मावत होतं: एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर गाणार होते. असं कारण हाती असलं की बाकीचं लिखाण आपोआप होतं. पण बहुतेक नव्या नाटकांकडे दोन गंधर्व नसतात. त्यांना आपलं कारण शोधून, नेमकं करून लिहावं लागतं.

ते कसं करायचं, हे एक कल्पनेतलं उदाहरण घेऊन पाहू. एका हौशी संस्थेनं नवं दोन अंकी नाटक बसवलं आहे. नाव ‘पाण्याची वेळ’. एका लहान शहरात नगरपालिकेचा चावीवाला आहे. रोज पहाटे उठून गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवायचे, हेच काम त्यानं जन्मभर केलं. निवृत्तीच्या आदल्या रात्री त्याच्या ओट्यावर एकेक शेजारी येतो आणि प्रत्येकाची मागणी एकच: उद्या शेवटचा दिवस आहे, तर आमच्या गल्लीला दहा मिनिटं जास्त सोडा. पहिला प्रयोग मुलुंडला, दुसरा ठाण्याला, २०२६च्या जानेवारीतल्या एका शनिवार-रविवारी. लिहायचं काम संस्थेतल्या एका मुलीकडे आलं आणि तिनं रात्री तालमीनंतर हे लिहून काढलं:

“पाण्याची वेळ!! सादर करीत आहोत एक अंतर्मुख करणारी, हसता हसता डोळ्यांत पाणी आणणारी, मनाला भिडणारी सहकुटुंब पाहावी अशी अप्रतिम कलाकृती. या शनिवारी २५ जानेवारी, ८.३० वाजता, कालिदासला. आजच तिकिटं बुक करा. त्वरा करा, मोजक्याच जागा शिल्लक!”

वाचायला वाईट नाही. अशा मजकुरांची सवय असल्यानं डोळे त्यावरून सरसर पुढे जातात. संस्थेच्या जुन्या व्यवस्थापकांनी मात्र कागद हातात घेतला आणि पहिल्याच शब्दावर थांबले. “अगं, हे नाटक आहे हे कुठे लिहिलंयस? सोसायटीच्या ग्रुपवर ‘पाण्याची वेळ, शनिवार, साडेआठ’ असं पडलं तर लोक बादल्या भरून ठेवतील.” मुलीला हसू आलं, पण मुद्दा खरा होता. रंगकर्मींच्या गटात सगळ्यांना ठाऊक असतं की हे नाटक आहे. तोच संदेश दोन हात पुढे गेला की ती ओळख गळून पडते. म्हणून पहिला बदल झाला तो नावाच्या आधी दोन शब्द घालण्याचा: ‘नवं नाटक’.

दुसरी चूक वाराची. २४ जानेवारीला शनिवार आणि २५ला रविवार, पण मजकुरात शनिवार २५ तारखेला पडला होता. ही चूक होते कशी, तर संस्थेच्या मागच्या वर्षीच्या पोस्टरची फाईल उघडून त्यावरच नवा मजकूर चढवला जातो. २०२५ साली २५ जानेवारीला शनिवारच होता. वार आणि तारीख दोन्ही लिहायची पद्धत पडली ती यासाठीच की एकाची चूक दुसऱ्यानं उघडी पडावी. वाचणाऱ्याला ती दिसली, तर तो फोन करून विचारतो किंवा सरळ सोडून देतो. न दिसली, तर पंधरा-वीस माणसं चुकीच्या दिवशी नाट्यगृहाच्या दारात उभी राहतात. त्यावर एकच उपाय आहे. मजकूर लिहिला त्यापेक्षा वेगळ्या माणसानं कॅलेंडर समोर ठेवून प्रत्येक वार-तारखेची जोडी बोट ठेवून मोठ्यानं वाचायची. स्वतःचा मजकूर तपासताना डोळा जे असायला हवं तेच वाचतो.

‘या शनिवारी’ आणि ‘आजच’ हे शब्द काढून टाकावे लागले, त्यामागे आजच्या जाहिरातीचा सगळ्यात मोठा बदल आहे. वर्तमानपत्राची जाहिरात एका दिवसाची असते आणि एका आवृत्तीची असते. मुंबई आवृत्तीत छापलेली ओळ मुंबईच्या वाचकासमोर त्याच सकाळी येते, म्हणून तिथे ‘आज दु. ४’ असं लिहिलं तरी चालतं. फोनवरच्या संदेशाला ना तारीख ना आवृत्ती. तो आत्याकडून मामाकडे, शाळेच्या गटातून ऑफिसच्या गटात फिरत तीन दिवसांनी एखाद्याच्या हाती पडतो. तेव्हा त्यातला ‘आज’ कधीचाच उलटून गेलेला असतो आणि ‘या शनिवारी’ म्हणजे गेला की येता, हे कळायला मार्ग उरत नाही.

गावाचंही तसंच आहे. ‘कालिदासला’ एवढं मुलुंडच्या माणसाला पुरतं. पण महाकवी कालिदास नाट्यमंदिर मुलुंडला आहे आणि महाकवी कालिदास कलामंदिर नाशिकला. आचार्य अत्र्यांच्या नावाचं रंगमंदिर कल्याणला आहे, तसंच पिंपरीलाही. विष्णुदास भावे म्हटलं की वाशीकराला आपलं नाट्यगृह आठवतं आणि सांगलीकराला आपलं. ‘यशवंत’ या आखूड नावानं तर जास्तच घोळ होतो, कारण माटुंग्याला यशवंत नाट्य मंदिर आहे, कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे आणि नरिमन पॉइंटला यशवंतराव चव्हाण सेंटर. आपल्याकडे नाट्यगृहांना थोरांची नावं देण्याची चांगली चाल आहे आणि थोर माणसं सगळ्या गावांना सारखीच प्रिय असतात. त्यामुळे संदेशात नाट्यगृहाचं पूर्ण नाव, गाव आणि रेल्वेचं शहर असेल तर पूर्व की पश्चिम, एवढं लिहिण्याला पर्याय नाही. दोन शब्द जास्त जातात, पण नाशिकच्या माणसाला आनंदानं निघायची तयारी करून मग हिरमुसावं लागत नाही.

आता वेळ. ‘८.३० वाजता’ हे अपुरं आहे, सकाळचे की रात्रीचे? नाटक रात्रीचंच असणार असं कुणी म्हणेल, पण बालनाट्यांचे आणि एकांकिकांचे प्रयोग सकाळीही होतात. पुण्यात दुपारी साडेबाराचे प्रयोग वर्षानुवर्षं होत आले आहेत आणि तिथे ‘१२.३०’च्या आधी ‘दुपारी’ नसेल तर बाहेरगावचा माणूस गोंधळतो. नाट्यगृह सत्रांवर दिलं जातं. आपलं सत्र संपलं की दुसऱ्या संस्थेचा टेम्पो नेपथ्य घेऊन मागच्या दाराशी उभा असतो, म्हणून प्रयोग उशिरा सुरू करायला फारशी सवड नसते. तिसरी घंटा झाली की पडदा सरकतो. ‘रात्री ८.३०’ म्हणजे साडेआठला पडदा उघडणार, साडेआठला लोक जमणार असं नव्हे, हे नव्या प्रेक्षकाला सांगावं लागतं. ‘१५ मिनिटं आधी या’ एवढ्यानं ते भागतं.

याहून जास्त उपयोगाची आणि सहसा कुणी न लिहिणारी गोष्ट म्हणजे नाटक संपतं कधी. डोंबिवली-बदलापूरकडे परतणारा माणूस रात्री साडेआठचा प्रयोग ठरवताना मनातल्या मनात परतीच्या लोकलचा हिशेब करत असतो. घरी म्हातारी माणसं असलेल्या बाईला शेजारणीला सांगून निघायचं असतं. ‘मध्यंतरासह सव्वादोन तास’ एवढं लिहिलं की दोघांचाही प्रश्न सुटतो: पावणेअकराला पडदा. रविवारचा प्रयोग असेल तर मुंबईत रेल्वेचा मेगाब्लॉकही पाहावा लागतो. तो संस्थेच्या हातात नसतो, पण आदल्या दिवशी पाठवायच्या आठवणीच्या संदेशात एक ओळ टाकता येते.

तिकिटाच्या ओळीत जुन्या आणि नव्या दोन व्यवस्था एकत्र नांदतात. जुनी व्यवस्था म्हणजे खिडकी आणि ‘प्लॅन’. नाट्यगृहाच्या आसनांचा छापील नकाशा काचेपलीकडे पसरलेला असतो. समोर रंगमंचाची रेघ, तिच्यापुढे अक्षरांच्या रांगा, रांगांमध्ये आकड्यांचे चौकोन. विकलेल्या चौकोनांवर पेन्सिलीच्या फुल्या. बाहेरचा माणूस वाकून, मान वाकडी करून त्या उलट्या दिसणाऱ्या नकाशात आपली जागा शोधतो आणि म्हणतो, “मधल्या वाटेला लागून दोन द्या, आईचे गुडघे दुखतात.” आतला माणूस पेन्सिल फिरवून सांगतो, “सातवी रांग, पहिली-दुसरी.” ‘प्लॅन सुरू’, ‘प्लॅन लागला’ हे जाहिरातींतले शब्दप्रयोग या कागदातून आले. मात्र खिडकी दिवसभर उघडी नसते. साधारणपणे सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी दोन-तीन तास, अशी तिची वेळ असते आणि ती नाट्यगृहागणिक बदलते. दुपारी दोनला ऑफिसातून रजा काढून आलेला माणूस बंद खिडकी पाहून परत जातो आणि सहसा पुन्हा येत नाही. म्हणून ‘तिकिटं नाट्यगृहावर उपलब्ध’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या तारखेपासून आणि किती ते किती, हे त्यापुढे यायलाच हवं.

नवी व्यवस्था म्हणजे बुकमायशो किंवा प्रशांत दामले यांनी मराठी नाटकांसाठी सुरू केलेलं तिकिटालय. तिथे रात्री बारालाही जागा निवडता येते. पण अनेक संस्था सगळ्या खुर्च्या ऑनलाइन देत नाहीत, काही खिडकीसाठी राखून ठेवतात. त्यामुळे फोनवर जागा संपल्याचं दिसलं तरी खिडकीवर तिकिटं असू शकतात. हे प्रेक्षकाला कळत नाही, तो ‘हाउसफुल्ल’ समजून दुसरा बेत करतो आणि प्रयोगाच्या रात्री दोन रांगा रिकाम्या दिसतात. ज्या संस्थेनं अशी वाटणी केली असेल तिनं ते एका वाक्यात सांगून टाकावं. फोनवरून जागा राखून द्यायच्या असतील, तर नंबर कुणाचा आणि तो कोणत्या वेळेत उचलला जाईल हेही लिहावं. तालमीतल्या नटाचा नंबर कधीही देऊ नये, कारण तालमीत फोन बंद असतो.

दराबद्दल संकोच करण्याची चाल आहे, ती सोडलेली बरी. दर लिहिला नसेल, तर चौघांचं कुटुंब तो चढाच असणार असं धरून चालतं. बऱ्याच नाटकांचं वरचं तिकीट ५०० रुपयांवर येऊन थांबलेलं दिसतं, त्याला एक साधं कारण आहे. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही. २०१८च्या सुरुवातीला ही मर्यादा २५० वरून ५०० वर नेण्यात आली. ऑनलाइन घेतलेल्या तिकिटावर मात्र सेवाशुल्क वेगळं पडू शकतं. चार तिकिटांमागे ते जाणवतं, म्हणून खिडकीवरचा दर लिहिताना तो खिडकीचा आहे हे स्पष्ट केलेलं चांगलं.

इतकं झाल्यावर उरतो तो खरा अवघड भाग: कशासाठी यायचं? मुलीच्या मजकुरात त्यासाठी पाच विशेषणं होती आणि ती कुठल्याही नाटकाला चालली असती. मजकूर तपासायची एक सोपी कसोटी व्यवस्थापकांनी तिला दिली. “यातलं आपल्या नाटकाचं नाव काढ आणि दुसऱ्या संस्थेच्या नाटकाचं घाल. वाक्य तसंच उभं राहिलं, तर ते आपलं वाक्य नव्हे.” ‘अंतर्मुख करणारी’ उभं राहिलं. ‘मनाला भिडणारी’ उभं राहिलं. ‘सहकुटुंब’ही राहिलं. सगळा परिच्छेद शेजारच्या संस्थेला देऊन टाकता आला असता.

याउलट काही गाजलेल्या नाटकांचं काय सांगता येतं ते पाहा. आचार्य अत्रे यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगमंचावर आलं. एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी आणि वेशांनी लोकांना फसवतो, त्याच्यावर खटला चालतो, प्रभाकर पणशीकर ती पाचही रूपं एकटे करतात आणि फिरत्या रंगमंचावर प्रसंग डोळ्यांदेखत बदलतात. यात ‘अप्रतिम’ हा शब्द कुठेही नाही, पण ऐकणाऱ्याला लगेच वाटतं, हे एका माणसाला जमतं कसं ते पाहायला हवं. प्राजक्त देशमुख यांच्या ‘संगीत देवबाभळी’चं तसंच. तुकोबांच्या आवलीच्या पायात काटा रुतला आहे आणि तिची सेवा करायला विठ्ठलाची रखुमाई वेश पालटून तिच्या घरी येऊन राहिली आहे. रंगमंचावर या दोघीच. नवऱ्यांवर रागावलेल्या दोन बायका एका छपराखाली आल्या की काय बोलतील, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप उभा राहतो. चांगलं कारण असं काम करतं. ते नाटकातली परिस्थिती सांगतं, शेवट सांगत नाही, आणि मधली फट प्रेक्षकाच्या कुतूहलावर सोडतं.

मुलीनं तीनदा लिहून पाहिलं. पहिल्या खेपेला तिनं सगळी गोष्ट सांगून टाकली, अगदी चावीवाला शेवटी काय करतो तेही. ती खेप बाद झाली. दुसऱ्या खेपेला ‘पाणीप्रश्नावर भाष्य करणारं नाटक’ असं आलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण भाष्य ऐकायला कुणी रात्री साडेआठला घराबाहेर पडत नाही आणि नाटकातला ओटा, कंदिलासारखा पिवळा दिवा, एकामागून एक येणारे शेजारी, यातलं काहीच त्या वाक्यात नव्हतं. मग तिनं तालमीतला तो प्रसंग डोळ्यांसमोर आणला, जिथे शेजारीण चावीवाल्याच्या हातावर गरम भाकरी ठेवते आणि ती तशीच धरून तो विचारतो, “ही भाकरी आहे की दहा मिनिटं?” तिसऱ्या खेपेला तिनं लिहिलं: ‘उद्या पहाटे पाणी आधी कुणाच्या गल्लीत सोडायचं, हे चावीवाल्याला आज रात्रीच ठरवायचं आहे.’ इथला ‘उद्या’ आणि ‘आज’ नाटकातला आहे, प्रयोगाच्या तारखेचा नाही, म्हणून तो गैरसमज होऊ नये इतक्या अंतरावर ठेवावा लागला.

नामवंतांच्या शब्दांचाही उपयोग होतो, तो खरा असेल तर. गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ला पु. ल. देशपांडे यांनी दिलेली मनमोकळी दाद त्या नाटकाच्या किती कामी आली, हा किस्सा नाट्यवर्तुळात सगळ्यांना ठाऊक आहे. पण पुलंनी आधी प्रयोग पाहिला होता. शुभारंभाच्या प्रयोगापूर्वीच ‘रसिकांनी डोक्यावर घेतलेलं’ असं छापणं वाचकाला लगेच कळतं. ‘मोजक्याच जागा शिल्लक’ हेही तसंच. प्लॅन कालच लागला असेल आणि नकाशावर दहा फुल्याच असतील, तर ते लिहू नये. खरोखर शेवटच्या दोन रांगा उरतील तेव्हा तेच वाक्य लिहायचं असतं आणि तोवर लोकांचा त्यावर विश्वास राहिलेला हवा.

शेवटी तयार झालेला मजकूर असा होता:

“नवं नाटक: ‘पाण्याची वेळ’ (दोन अंकी)
निवृत्तीला एक रात्र उरलेला चावीवाला. ओट्यावर एकेक करून आलेले शेजारी. उद्या पहाटे पाणी आधी कुणाच्या गल्लीत?
प्रयोग १: शनिवार, २४ जानेवारी २०२६, रात्री ८.३०. महाकवी कालिदास नाट्यमंदिर, मुलुंड (पश्चिम)
प्रयोग २: रविवार, २५ जानेवारी २०२६, दुपारी ४. गडकरी रंगायतन, ठाणे (पश्चिम)
मध्यंतरासह सव्वादोन तास. कृपया १५ मिनिटं आधी या.
तिकीट (खिडकीवर): ₹४००, ₹३००, ₹२००. सोमवार, १९ जानेवारीपासून त्या त्या नाट्यगृहावर, सकाळी ९ ते ११.३० आणि सायंकाळी ५ ते ८. मागच्या पाच रांगा फक्त खिडकीवर.”

यापुढे ऑनलाइन तिकिटाचा दुवा, व्यवस्थापकांचा फोन आणि त्याची वेळ, आणि मग लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा, रंगभूषा अशी श्रेयनामावली. ती खाली गेली म्हणून प्रकाशयोजनाकार जरा खट्टू झाले. पण इन्स्टाग्रामवर मजकुराच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं वाचायला बोट टेकवावं लागतं, हे दाखवल्यावर पटलं. त्याच कारणानं कशासाठी यायचं ते वर गेलं आणि संस्थेचं ‘सादर करीत आहोत’ निघून गेलं. तिथे मजकुरातला दुवा दाबूनही उघडत नाही, म्हणून तो संस्थेच्या ओळखीच्या जागेत वेगळा द्यावा लागला.

एक काळजी मात्र मजकुराबाहेरची होती. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र पुढे पाठवताना त्याखालचा मजकूर गळू शकतो. मग फिरत राहतं ते नुसतं पोस्टर. त्यावर ओट्यावर बसलेल्या चावीवाल्याचं सुंदर छायाचित्र आणि ‘लवकरच’ एवढाच शब्द असेल, तर ते कितीही घरांत गेलं तरी तिकीट एकही विकलं जात नाही. म्हणून वार, तारीख, वेळ, नाट्यगृह आणि गाव हे चित्रावरही आलं, तेही हातभर लांबून फोनवर वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत. तपासायला मुलीनं ते आपल्या आजीच्या फोनवर पाठवलं आणि चष्म्याशिवाय वाचायला सांगितलं. आजीला ठाणे वाचता आलं, ‘दुपारी ४’ वाचता आलं नाही. ती ओळ पुन्हा मोठी केली.

प्रयोगाची तारीख बदलली तर जुनं चित्र परत घेता येत नाही, ते लोकांच्या फोनमध्ये राहतंच. अशा वेळी त्याच चित्रावर तारीख बदलून टाकणं सगळ्यात घातक, कारण दोन्ही चित्रं सारखीच दिसतात. नवं चित्र वेगळ्या रंगाचं करायचं, त्यावर सगळ्यात वर ‘तारखेत बदल’ लिहायचं आणि जुनी तारीख खोडलेली दाखवून शेजारी नवी द्यायची.

सोमवारी सकाळी नऊला मुलुंडची खिडकी उघडली. व्यवस्थापकांनी मुलीला आत, प्लॅनशेजारी बसवलं आणि हातात वही दिली. येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारायचं, कुठे वाचलंत, आणि फोनवर लोक जे विचारतात ते लिहून घ्यायचं. पहिल्या तासात चार जणांनी फोन करून विचारलं की गाडी लावायला जागा आहे का. संध्याकाळी पाचला खिडकी पुन्हा उघडायच्या आत मजकुरात एक ओळ वाढली होती.